इंटर्नशिपच्या व्हायवात गाईड नेमकं काय विचारतात? महाडच्या ईटीपी लॅबमधल्या एका आकड्यावरून समजून घ्या

रिपोर्ट बाइंडिंग करून झाला. कंपनीचं सर्टिफिकेट लावलं, गाईडची सही झाली. आता राहिली व्हायवा. बहुतेक विद्यार्थी इथे एकच गोष्ट करतात. रिपोर्टमधलं 'कंपनीची ओळख' हे प्रकरण पाठ करतात आणि गुगलवर 'इंटर्नशिप व्हायवा क्वेश्चन्स' शोधतात.

प्रत्यक्षात गाईड रिपोर्ट उघडतात ते थेट निकालाच्या तक्त्यावर. एका आकड्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हा कसा आला?"

व्हायवाचा खरा खेळ इथून सुरू होतो. हा प्रश्न कुठपर्यंत जातो, ते महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांना जवळच्या असलेल्या एका उदाहरणातून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे ओजेटी आलं. त्याला ४ क्रेडिट असतात. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी काढायचे. त्यानंतर रिपोर्ट आणि तोंडी परीक्षा.

आता महाड, पोलादपूर भागातल्या केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याला हे १२० तास काढायला सगळ्यात जवळची जागा म्हणजे महाडची एमआयडीसी. इथे रसायनं आणि औषधं बनवणाऱ्या कंपन्या आहेत. जवळच लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनाही हाच पट्टा जवळचा.

पण कंपनी नव्या विद्यार्थ्याला थेट प्रॉडक्शनमध्ये सोडत नाही. बऱ्याचदा क्यूसी लॅब मिळते, नाहीतर ईटीपीची लॅब. ईटीपी म्हणजे कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. तिथे रोज पाण्याचे नमुने तपासले जातात आणि ते काम शिकाऊ मुलांना हाताने करता येतं.

समजा, पोलादपूरची एक एमएस्सीची विद्यार्थिनी आहे. ती मे-जूनमध्ये रोज एसटीने महाडला येऊन एका कंपनीच्या ईटीपी लॅबमध्ये काम करते. तिच्या रिपोर्टमध्ये हा तक्ता आहे:

- इनलेट, म्हणजे प्लांटमध्ये येणारं पाणी: सीओडी ३३६०, बीओडी १०१०
- आउटलेट, म्हणजे प्लांटमधून निघणारं पाणी: सीओडी २१६, बीओडी २२

एकक मिलिग्रॅम प्रति लिटर. विद्यार्थिनी आणि आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण पद्धत आणि गणित खऱ्या लॅबमधलंच आहे.

पहिला प्रश्न : "यातलं तू स्वतः काय केलंस?"

हा प्रश्न जवळपास ठरलेला असतो. आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, कारण रिपोर्टमध्ये सगळीकडे 'तपासणी करण्यात आली', 'नमुने घेण्यात आले' असं लिहिलेलं असतं. कोणी केली, कोणी घेतले, ते कुठेच नसतं.

सांडपाण्याचा नमुना घ्यायचं काम अनेकदा ऑपरेटर करतो. टायट्रेशन विद्यार्थिनी करते. बीओडीची बाटली केमिस्ट लावतो. तिन्ही कामं 'आम्ही केली' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "मग नमुना घेताना बाटली किती वेळा खंगाळलीस?" तिथे उत्तर अडकतं.

यावर साधा उपाय आहे. व्हायवाच्या आधी एका कागदावर तीन रकाने पाडायचे. स्वतः केलेलं, कोणाच्या तरी मदतीने केलेलं आणि फक्त पाहिलेलं. १२० तासांची लॉगबुक समोर ठेवून प्रत्येक काम योग्य रकान्यात टाकायचं. "सीओडीच्या २६ टेस्ट मी केल्या, बीओडीच्या चार केमिस्ट सरांबरोबर केल्या, सॅम्पलिंग पाहिलं," असं उत्तर दिलं की गाईडना कुठे खोलात जायचं ते कळतं. 'फक्त पाहिलं' म्हटल्याने काही बिघडत नाही. पाहिलेलं काम केलं म्हणून सांगितलं, तर पुढच्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं.

दुसरा प्रश्न : "हा ३३६० कसा आला?"

इथे कॅल्क्युलेटर लागतो आणि नोंदवही लागते.

सीओडी म्हणजे पाण्यातला सेंद्रिय भाग रासायनिक पद्धतीने पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल, त्याचं माप. २० मिलिलिटर नमुन्यात १० मिलिलिटर ०.२५ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट घालतात, मर्क्युरिक सल्फेट आणि सिल्व्हर सल्फेट असलेलं सल्फ्युरिक ॲसिड घालतात आणि दोन तास रिफ्लक्स करतात. सेंद्रिय भाग डायक्रोमेट वापरून टाकतो. जेवढं डायक्रोमेट उरतं, ते फेरस अमोनियम सल्फेटने म्हणजे एफएएसने मोजतात. फेरॉइन हा इंडिकेटर असतो आणि शेवटी रंग निळसर हिरव्यातून लालसर तपकिरी होतो.

नमुन्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेऊन हेच सगळं पुन्हा करतात, त्याला ब्लँक म्हणतात. सूत्र असं:

सीओडी = (ब्लँकचं रीडिंग − नमुन्याचं रीडिंग) × एफएएसची नॉर्मॅलिटी × ८००० ÷ नमुन्याचे मिलिलिटर

तिच्या नोंदवहीत ब्लँक २४.६, इनलेटचा नमुना १६.२, एफएएस ०.१ नॉर्मल. फरक ८.४. त्याला ०.१ ने गुणलं की ०.८४. त्याला ८००० ने गुणलं की ६७२०. भागिले २० म्हणजे ३३६.

पण रिपोर्टमध्ये ३३६० आहे. कारण नमुना दहापट पातळ केला होता. म्हणून ३३६ गुणिले १०.

एवढं आलं की गाईड इथून तीन फाटे फोडू शकतात.

पहिला फाटा, "हे ८००० कुठून आले?" ऑक्सिजनचं इक्विव्हॅलंट वजन ८ आणि मिलिलिटरचं लिटर करायला १०००. दोन्हींचा गुणाकार ८०००. सूत्र पाठ असलेले बरेच जण इथे थांबतात.

दुसरा फाटा, "नमुन्याचं रीडिंग ब्लँकपेक्षा कमी आलं, तरी सीओडी जास्त कसा?" कारण इथे उरलेलं डायक्रोमेट मोजलं जातंय. पाणी जेवढं घाण, तेवढं डायक्रोमेट जास्त खर्च होतं, तेवढं कमी उरतं आणि ब्युरेटमधून एफएएस कमी लागतं. याला बॅक टायट्रेशन म्हणतात.

तिसरा फाटा, "दहापटच पातळ का केलंस?" याचं उत्तर गणितात आहे. १० मिलिलिटर ०.२५ नॉर्मल डायक्रोमेट म्हणजे २.५ मिलिइक्विव्हॅलंट. सगळंच्या सगळं वापरलं गेलं, तरी २० मिलिलिटर नमुन्यात जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम प्रति लिटर सीओडी मोजता येतो. इनलेट त्याच्या तिप्पट आहे. पातळ न करता घेतला असता तर रिफ्लक्स होतानाच द्रावण हिरवं पडलं असतं. म्हणजे डायक्रोमेट संपलं आणि ती टेस्ट वाया गेली. हिरवा रंग दिसला की नमुना आणखी पातळ करून पुन्हा सुरुवात करायची. ज्या मुलीने हे काम हाताने केलंय, तिला तो हिरवा रंग एकदा तरी दिसलेला असतो.

नोंदवहीत दडलेली चूक आणि ती पकडायची कशी

हा भाग नीट वाचा, कारण व्हायवाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःच्या तक्त्यावर हे करून बघण्यासारखं आहे.

एफएएसमधलं लोह हवेच्या संपर्कात हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि द्रावण कमजोर होत जातं. म्हणून त्याची नॉर्मॅलिटी रोज तपासावी लागते, त्याला स्टँडर्डायझेशन म्हणतात. घाईत हे राहून जातं आणि बाटलीवर चिकटवलेली ०.१ हीच नॉर्मॅलिटी गणितात घेतली जाते.

आता समजा, तिच्या नोंदवहीत एका दिवशी ब्लँकचं रीडिंग २६.१ आहे आणि नॉर्मॅलिटी ०.१ लिहिली आहे. गाईडनी वर्षानुवर्षं हे टायट्रेशन शिकवलेलं असतं. त्यांना हे पाहताच कळतं की काहीतरी चुकलंय. कारण फ्लास्कमध्ये एकूण डायक्रोमेटच २.५ मिलिइक्विव्हॅलंट आहे. ०.१ नॉर्मल एफएएसचे २५ मिलिलिटर त्याला पुरतात. ब्लँक २५ च्या वर जाऊच शकत नाही. २४.६ ठीक आहे, थोडं डायक्रोमेट पाण्यातल्या आणि ॲसिडमधल्या अशुद्धीत जातं. २६.१ चा अर्थ असा, की एफएएस ०.१ उरलेलंच नव्हतं. ते ०.०९५ च्या आसपास उतरलं होतं.

या पाच टक्क्यांनी काय फरक पडतो? त्या दिवशी तिने आउटलेटचा सीओडी २५८ काढला असेल, तर खरा आकडा २५८ गुणिले ०.९५, म्हणजे साधारण २४५ येतो. पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सीओडीची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे. म्हणजे रिपोर्ट सांगतोय प्लांट मर्यादेबाहेर गेला आणि प्रत्यक्षात तो आत होता. कंपनीच्या कामावर ठपका ठेवणारं वाक्य निष्कर्षात आलं असेल, तर ते एका कमजोर बाटलीमुळे आलंय.

अशी चूक सापडली तर आकडा गुपचूप बदलायचा नाही. व्हायवात सांगायचं, "सर, १२ तारखेला ब्लँक २६.१ आला होता. त्या दिवशी स्टँडर्डायझेशन झालेलं नव्हतं, म्हणून तो दिवस मी सरासरीतून वगळलाय आणि खाली तशी टीप दिली आहे." गाईडनी पकडण्याआधी विद्यार्थिनीने पकडलेली चूक हे तिने काम समजून केल्याचा सगळ्यात सोपा पुरावा असतो.

तिसरा प्रश्न : "बीओडी पाच दिवसांचा की तीन?"

पुस्तकात बीओडी पाच दिवसांचा असतो, २० अंश सेल्सिअसवर. कंपनीच्या लॅबमध्ये मात्र तीन दिवसांचा असतो, २७ अंशांवर. भारतातल्या मानकांत तीन दिवस आणि २७ अंश ही अट आहे. आपल्याकडचं हवामान उबदार, त्यामुळे जिवाणू लवकर काम करतात आणि इनक्युबेटर २७ अंशांवर ठेवणंही सोपं जातं.

बरेच रिपोर्ट इथे आपटतात. सिद्धांताचं प्रकरण पुस्तकातून उतरवलेलं, तिथे पाच दिवस. निकालाचं प्रकरण लॅबमधून आलेलं, तिथे तीन दिवस. एकाच रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या पद्धती. गाईडना दोन्ही पानं एकदमच दिसतात.

यालाच जोडून एक तिरका प्रश्न येतो, "गुरुवारी लावलेली बाटली कोणी वाचली?"

प्रश्न साधा वाटतो, पण गुरुवारी लावलेली बीओडीची बाटली तीन दिवसांनी म्हणजे रविवारी वाचायची असते. लॅबला रविवारी सुट्टी असेल, तर ते रीडिंग घेतलं कोणी? एक तर कोणीतरी सुट्टीच्या दिवशी येऊन वाचलं असेल, नाहीतर सोमवारी वाचलं असेल. मग तो चार दिवसांचा बीओडी झाला. तिसरी शक्यता अशी, की आकडा मागच्या महिन्याच्या रजिस्टरमधून आलाय. तक्त्यातल्या तारखा कॅलेंडरसमोर ठेवून एकदा तपासल्या, की हा प्रश्न येण्याआधीच सुटतो.

आणखी एक तपासणी एका मिनिटात होते. एकाच नमुन्याचा बीओडी सीओडीपेक्षा जास्त असू शकत नाही. सीओडीमध्ये जिवाणूंना पचणारं आणि न पचणारं असं बहुतेक सगळंच जळतं, बीओडीमध्ये फक्त पचणारं. तक्त्यात कुठे उलटं दिसलं तर टायपिंगची चूक तरी आहे किंवा टेस्टची.

चांगले गाईड इथून एक पायरी वर नेतात. "आउटलेटला बीओडी २२, सीओडी २१६. मग उरलेलं काय आहे?" इनलेटला बीओडी आणि सीओडीचं गुणोत्तर १०१० भागिले ३३६०, म्हणजे ०.३. आउटलेटला २२ भागिले २१६, म्हणजे ०.१. याचा अर्थ जिवाणूंनी त्यांना जमेल तेवढं खाऊन टाकलं. आता पाण्यात उरलाय तो मुख्यतः त्यांना न पचणारा भाग. त्यामुळे हवा देणारे ब्लोअर आणखी तासभर चालवून सीओडी फारसा उतरणार नाही. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनसारखी वेगळी पायरी लागते. निष्कर्षात 'एरेशन वाढवावं' अशी शिफारस लिहिली असेल, तर हा प्रश्न ती खोडून काढतो.

चौथा प्रश्न : "जूनमध्ये इनलेट अचानक सुधारलं कसं?"

हा प्रश्न कोकणातला गाईडच विचारू शकतो.

तिच्या तक्त्यात मेमध्ये इनलेटचा सीओडी सरासरी ३३६० आहे. जूनच्या मध्यानंतर तो २१०० वर आलाय. रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'प्लांटमध्ये येणाऱ्या सांडपाण्याची गुणवत्ता सुधारली'.

गाईड विचारतात, "त्या दिवसांत फ्लो किती होता?"

मेमध्ये दिवसाला १०० घनमीटर पाणी येत होतं. ३३६० मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे एका घनमीटरमागे ३.३६ किलो. १०० घनमीटरचे ३३६ किलो. जूनमध्ये फ्लो १६० घनमीटर झाला आणि सीओडी २१००. १६० गुणिले २.१ म्हणजे पुन्हा ३३६ किलो.

घाण तेवढीच होती, फक्त पाणी वाढलं होतं. महाडला मान्सून सुरू झाला की असा कोसळतो की उघड्या गटारातून, आवारातून पावसाचं पाणी इक्वलायझेशन टँकमध्ये शिरू शकतं. नियमानुसार पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांचे मार्ग वेगळे हवेत. ते कुठेतरी एकत्र होत असतील, तर 'गुणवत्ता सुधारली' या वाक्याच्या जागी 'पावसाचं पाणी मिसळत असावं, तपासणी गरजेची' हे वाक्य हवं. दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हाच तर्क कार्यक्षमतेच्या टक्क्यांना लागतो. ३३६० वरून २१६, म्हणजे सुमारे ९३.६ टक्के सीओडी कमी झाला. आकडा बरोबर आहे. पण सकाळी दहाला घेतलेलं इनलेट आणि त्याच सकाळी दहाला घेतलेलं आउटलेट हे एकच पाणी नसतं. प्लांटमधून जायला पाण्याला दोन दिवस लागत असतील, तर आजचं आउटलेट हे परवाचं इनलेट आहे. म्हणून एका दिवसाच्या जोडीवरून टक्के काढण्यापेक्षा महिन्याच्या सरासरीवरून काढलेले टक्के जास्त विश्वासाचे. "टक्के कोणत्या नमुन्यांवरून काढले?" याचं उत्तर एका वाक्यात तयार हवं.

पाचवा प्रश्न : "मर्यादा कोणती लावलीस?"

रिपोर्टमध्ये बहुतेक जण २५० ही सीओडीची मर्यादा आणि ३० ही बीओडीची मर्यादा लिहून मोकळे होतात. हे आकडे आहेत खरे, पण ते जमिनीवरच्या नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठीचे.

महाडमध्ये सीईटीपी आहे, म्हणजे अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारा सामाईक प्लांट. कंपनी आपलं पाणी तिथे पाठवत असेल, तर तिला लागू होणारी मर्यादा वेगळी असू शकते. ती लिहिलेली असते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीला दिलेल्या संमतीपत्रात. त्याला सगळे 'कन्सेंट' म्हणतात. काही कंपन्यांना तर पाणी बाहेर सोडायचीच परवानगी नसते, सगळं पुन्हा वापरायचं असतं.

म्हणून सुरक्षित उत्तर असं, "सर, कंपनीचं आउटलेट कुठे जातं ते आधी पाहिलं, मग कन्सेंटमधली मर्यादा घेतली." कन्सेंट पाहायला मिळालं नसेल, तर तसं रिपोर्टमध्ये लिहायचं आणि वापरलेली मर्यादा सर्वसाधारण आहे हेही लिहायचं.

हा प्रश्न कागदापुरता नाही. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे खाडीला मिळते. पोलादपूरच्या विद्यार्थिनीच्या तालुक्यातून वाहणारी नदीच खाली महाडमध्ये कारखान्यांच्या शेजारून जाते. त्यामुळे गाईडनी "सावित्रीचा आणि तुझ्या आउटलेटचा काय संबंध?" विचारलं, तर त्यांना नदीवरचा निबंध नको असतो. पाणी कंपनीतून निघून कुठल्या पाइपने, कुठल्या प्लांटमधून, शेवटी कुठे जातं, एवढा मार्ग त्यांना ऐकायचा असतो. तो कागदावर बाणांनी काढून न्यावा.

सहावा प्रश्न : "टेस्ट झाल्यावर फ्लास्कमधलं कुठे ओतलंस?"

प्रदूषण मोजणारी टेस्टच प्रदूषण करू शकते, हे या प्रश्नाने लक्षात येतं.

सीओडीच्या फ्लास्कमध्ये शेवटी पारा असतो, चांदी असते, क्रोमियम असतं आणि तीव्र ॲसिड असतं. पारा तिथे येतो मर्क्युरिक सल्फेटमधून. ते का घालतात? नमुन्यातले क्लोराइडही डायक्रोमेट खातात आणि सीओडी खोटा वाढतो. पारा त्यांना बांधून ठेवतो. खारट सांडपाणी असेल तर हे फार महत्त्वाचं.

हे उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नसतं. वेगळ्या लेबल लावलेल्या कॅनमध्ये जमा करून घातक कचरा म्हणून द्यायचं असतं. रायगडमध्ये असा कचरा हाताळणारं सामाईक केंद्र तळोज्याला आहे. लॅबमध्ये कॅन होता का, त्यावर काय लिहिलं होतं, हे आठवून ठेवायचं. नव्हता, तर तेही खरंच सांगायचं.

इथूनच सुरक्षेचा प्रश्न निघतो. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे जीव गेले. त्यामुळे या भागातले गाईड 'गॉगल आणि ग्लोव्हज वापरले' एवढ्यावर थांबत नाहीत. आयवॉश कुठे होता, आपत्कालीन जमण्याची जागा कोणती, पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती कोणी दिली, असं नेमकं विचारतात.

आणि गोपनीयता? कंपनीचं नाव, प्रॉडक्ट, रोजचे आकडे छापायला परवानगी घेतली होती का, हेही विचारलं जातं. कंपनीने नाही म्हटलं असेल, तर रिपोर्टमध्ये 'प्लांट अ' लिहून काम भागतं. पण मूळ नोंदी गाईडना दाखवता आल्या पाहिजेत.

मग तयारी करायची कशी?

सगळा रिपोर्ट पाठ करायची गरज नाही. तक्त्यातले कोणतेही तीन आकडे निवडायचे. प्रत्येक आकड्यासाठी अर्ध्या पानावर पाच गोष्टी लिहायच्या. नमुना कुठून, कधी, कोणी घेतला. ब्युरेटचं रीडिंग काय होतं. गणित पूर्ण. तो आकडा चुकीचा असता तर कशावरून कळलं असतं. आणि त्या आकड्यावरून रिपोर्टमध्ये कोणतं वाक्य लिहिलंय.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. आकडा आणि वाक्य जुळत नसेल, तर वाक्य बदलायचं. बाइंडिंग झालं असेल तर शुद्धिपत्राचं एक पान जोडायचं आणि व्हायवा सुरू होताच ते गाईडसमोर ठेवायचं.

तरीही एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर काय करायचं? समजा, विचारलं, "सिल्व्हर सल्फेट कशाला घालतात?" आणि आठवत नाही. तेव्हा "ते लॅबच्या एसओपीत होतं म्हणून मी घातलं, नेमकं काम मला सांगता येणार नाही" हे उत्तर चालतं. गाईड स्वतःच सांगतील की ते उत्प्रेरक आहे, सरळ साखळीची सेंद्रिय संयुगं त्याच्याशिवाय नीट जळत नाहीत. पण अंदाजाने "क्लोराइडसाठी" म्हटलं, तर मर्क्युरिक सल्फेटचं बरोबर दिलेलं उत्तरही संशयात येतं.

कॉमर्सचा विद्यार्थी पोलादपूरच्या एखाद्या पतसंस्थेत ओजेटी करून आला असेल, तर त्याच्या तक्त्यात सीओडीच्या जागी थकबाकीचा आकडा असेल. तिथेही बोट तसंच ठेवलं जातं. हा आकडा कुठल्या रजिस्टरमधून, कोणत्या तारखेचा आणि यात कोणती कर्जं धरली? व्हायवाला जाताना रिपोर्टपेक्षाही ती मळकी नोंदवही बॅगेत असावी, कारण या प्रश्नांची उत्तरं तिच्यातच असतात.